दौऱ्यावर आहात? मग तब्येतीचं कारण सांगू नका

नोकरी सांभाळून ऑनलाइन कोर्स करणाऱ्यांमध्ये एक सल्ला हमखास फिरतो. असाइनमेंटच्या तारखेला ऑफिसच्या कामासाठी बाहेरगावी असाल, तर शिक्षकांना दौऱ्याचं सांगू नका. ताप आला म्हणा, घरात कुणी आजारी आहे म्हणा. आजारपण हे ‘खरं’ कारण, दौरा म्हणजे तुमची खासगी अडचण. त्यासाठी कोण मुदत वाढवून देईल?

मी नोकरदारांच्या ऑनलाइन कोर्सला शिकवते आणि हा सल्ला जवळपास प्रत्येक बॅचमध्ये कुणी तरी कुणाला तरी देतं. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, म्हणून तो जास्त पसरतो. पण खोटं बोलण्याचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, तरी हा सल्ला निव्वळ व्यवहाराच्या हिशेबातसुद्धा चुकीचा आहे. दौरा हे मुदतवाढीसाठी कमजोर कारण नाही. उलट शिक्षकाला निर्णय घ्यायला सर्वांत सोपं असं ते कारण आहे. ते कसं, हे समजण्यासाठी मुदतवाढ देताना आमच्या बाजूला नेमकं काय घडतं ते पाहायला हवं.

गैरसमज : कारण जितकं गंभीर, तितकी मुदतवाढ पक्की

आधी हा समज येतो कुठून ते पाहू. आपण सगळे शाळा-कॉलेजातून आलो आहोत. तिथे हजेरी भरली नाही किंवा परीक्षा हुकली, तर एकच कागद चालायचा : डॉक्टरांचा दाखला. विद्यापीठांच्या नियमावल्यांतही अपवादात्मक परिस्थिती म्हणून आजारपण, अपघात, घरातला मृत्यू यांची नावं असतात आणि नोकरीतलं नेहमीचं काम त्यात सहसा धरत नाहीत. एवढा भाग बरोबर आहे. पण हे नियम मुख्यतः पूर्णवेळ विद्यार्थ्यांसाठी आणि परीक्षेसारख्या मोठ्या गोष्टींसाठी लिहिलेले असतात. संध्याकाळी सात ते नऊ चालणाऱ्या, ज्यात बसलेला प्रत्येक जण कुठे तरी नोकरीला आहे अशा कोर्सच्या साप्ताहिक असाइनमेंटला ते जसेच्या तसे लागू पडत नाहीत. तिथे दौरा, ऑडिट, महिनाअखेर ही सगळी गृहीत धरलेली परिस्थिती असते. शिक्षकाला त्याचं नवल वाटत नाही.

आता आमच्या बाजूचं चित्र. आपल्याकडच्या अनेक संस्था कोर्ससाठी मूडल ही प्रणाली वापरतात. त्यात असाइनमेंट तयार करताना शिक्षकासमोर तारखांचे वेगवेगळे रकाने येतात. ‘Allow submissions from’ म्हणजे असाइनमेंट जमा करायला कधीपासून सुरुवात. ‘Due date’ म्हणजे अंतिम तारीख. त्यानंतरही काम जमा करता येतं, पण त्यावर ‘उशिरा’ असा शिक्का बसतो. आणि ‘Cut-off date’ म्हणजे दार बंद होण्याची तारीख. त्यानंतर प्रणाली काम स्वीकारतच नाही. विद्यार्थ्याला जी एक तारीख वाटते, ती मुळात अशी तीन तारखांची मिळून बनलेली असते. शिवाय ‘Grant extension’ ही सोय आहे. ती वापरून शिक्षक एकाच विद्यार्थ्याची तारीख वेगळी करू शकतो, बाकी वर्गाच्या तारखेला हात न लावता. काम मिनिटभराचं आहे.

पण ही सोय उघडल्यावर प्रणाली शिक्षकाला एकच गोष्ट विचारते : कोणत्या तारखेपर्यंत? कारणासाठी तिथे रकानाच नाही. शिक्षकाच्या डोक्यातही त्या क्षणी कारणापेक्षा तारीखच जास्त असते, कारण असाइनमेंटच्या मागे पुढची कामं बांधलेली असतात. उत्तरं सगळ्यांसाठी कधी खुली होणार? त्या उत्तरांवर चर्चा कोणत्या वर्गात आहे? विद्यार्थ्यांनी एकमेकांचं काम तपासायचं असेल, तर वाटप कधी आहे? गुण संस्थेकडे कधी पाठवायचे आहेत? मागितलेली तारीख या सगळ्यांच्या आधी बसत असेल, तर मुदत देण्यात माझं काहीच जात नाही. त्यांच्या पलीकडे जात असेल, तर कारण कितीही हृदयद्रावक असलं तरी मी अडचणीत येते. उत्तरं जाहीर झाल्यानंतर आलेली असाइनमेंट बाकीच्यांच्या बरोबरीनं मोजणं हा त्यांच्यावर अन्याय असतो.

सर्वांत अवघड प्रकार एकमेकांचं काम तपासण्याचा. अशा असाइनमेंटमध्ये मुदत संपली की जमा झालेलं काम बाकीच्या विद्यार्थ्यांमध्ये वाटलं जातं. वाटप झाल्यावर आलेल्या कामाला तपासनीसच उरत नाही. असाइनमेंटमध्ये असा टप्पा असेल, तर मुदतवाढ मागण्याऐवजी लवकर जमा करण्याचाच विचार करावा.

आता याच तराजूवर आजारपण आणि दौरा ठेवून पाहा.

आजारपणाला शेवटची तारीख नसते. ‘ताप आहे, थोडी मुदत मिळावी’ असा मेल आला, की मी ‘कोणत्या तारखेपर्यंत’ या रकान्यात काय भरू? मला उलट विचारावं लागतं, आणि खरंच आजारी असलेल्या माणसाला तेही सांगता येत नाही. दुसरं म्हणजे, अनेक संस्थांत वैद्यकीय कारण पुढे आलं की निर्णय शिक्षकाच्या हातातून निघून कार्यालयाकडे जातो. तिथे दाखला मागतात, अर्ज भरून घेतात. जी गोष्ट मी मिनिटभरात करून टाकली असती, ती तीन टेबलांवरून फिरत राहते. म्हणजे खोटं आजारपण सांगणारा स्वतःचंच काम लांबवतो.

तिसरं म्हणजे खोटं टिकत नाही. मूडलमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याच्या हालचालींची नोंद असते : कोणतं पान कधी उघडलं, कोणत्या आयपी पत्त्यावरून उघडलं. आम्ही काही त्यावर पहारा ठेवून बसत नाही. पण फाइल उघडत नाही म्हणून तक्रार आली की ती नोंद पाहावीच लागते, आणि मग अंथरुणाला खिळलेला माणूस परदेशातून तासन्‌तास व्हिडिओ पाहताना दिसतो. त्यानंतर त्याच्या पुढच्या खऱ्या अडचणीवर विश्वास ठेवणं जड जातं. मला याचा सर्वांत जास्त राग येतो, कारण त्याची झळ त्या बॅचमधल्या खरोखर आजारी पडलेल्या विद्यार्थ्याला बसते. त्याच्या मेलकडेही मग संशयानं पाहिलं जातं.

दौऱ्याचं तसं नाही. दौऱ्याला जाण्याची तारीख असते आणि परतण्याचीही असते. तो बहुतेक वेळा आठवडाभर आधी तरी माहीत असतो, त्यामुळे मागणी मुदतीच्या आत येते. आणि विद्यार्थी दौऱ्यावर असला तरी बुद्धीनं जागा असतो. त्यामुळे तो मला नेमकं सांगू शकतो की काय झालंय, काय राहिलंय आणि ते कधी देईन. शिक्षकाला हवं ते सगळं या एका कारणात आयतं असतं. ते लपवून वेगळं कारण शोधायला लागणं म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या मागे लागणं आहे.

एक उदाहरण, तारखांसकट

समजा, चाकणच्या एका कारखान्यातला गुणवत्ता विभागाचा इंजिनिअर डेटा ॲनालिसिसचा बारा आठवड्यांचा कोर्स करतो आहे. पाचवी असाइनमेंट सोमवारी ८ सप्टेंबरला उघडते आणि रविवारी १४ सप्टेंबरला रात्री ११:५९ ला तिची मुदत संपते. १८ तारखेला, गुरुवारी, थेट वर्गात तिच्या उत्तरांवर चर्चा आहे. सहावीची मुदत पुढच्या रविवारी, २१ तारखेला. त्याला कंपनीच्या कामासाठी बुधवारी १० तारखेला जर्मनीला निघायचं आहे आणि शुक्रवारी १९ तारखेला तो परत येणार आहे.

अशा वेळी बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो : परतल्यावर शनिवार-रविवार आहे, तेव्हा २१ पर्यंत मुदत मागावी. ही मागणी दोन ठिकाणी अडकते. एक, १८ ला उत्तरांची चर्चा होऊन गेलेली असेल. त्यामुळे शिक्षक एक तर नकार देईल किंवा त्याला वेगळे प्रश्न तयार करावे लागतील. दोन, २१ ला सहावी असाइनमेंटही आहे. पाचवीची तारीख सरकली म्हणून सहावीची सरकत नाही. प्रवासाचा थकवा घेऊन एकाच सुट्टीत दोन असाइनमेंट करायच्या, आणि मग सहावीसाठी पुन्हा हात पसरायचा. मुदतवाढीची साखळी अशीच सुरू होते, आणि ती सुरू झालेले विद्यार्थी मधेच कोर्स सोडताना मी पाहिले आहेत.

त्याच्यापुढे याहून चांगले दोन पर्याय आहेत. पहिला, असाइनमेंट आधी उघडून मागणं. प्रश्न आणि डेटा तयार असेल, तर शिक्षक एका विद्यार्थ्यासाठी सुरुवातीची तारीखही वेगळी ठेवू शकतो. ती शनिवारी ६ ला उघडली, तर त्याला निघण्यापूर्वी एक पूर्ण शनिवार-रविवार मिळतो आणि मुदतवाढीची गरजच राहत नाही. ही मागणी फारच थोडे लोक करतात, खरं तर शिक्षकाला ती सर्वांत सोयीची असते. दुसरा पर्याय, १८ च्या चर्चेच्या आधी संपेल अशी छोटी मुदतवाढ : बुधवार १७ सप्टेंबर, रात्री ११:५९. हॉटेलातून दोन संध्याकाळी काम होईल एवढाच भाग राहिला असेल, तर ती पुरते.

मग मेल असा होतो :

“नमस्कार मॅडम. मी ऑगस्टच्या बॅचचा विद्यार्थी, नोंदणी क्रमांक खाली दिला आहे. कंपनीच्या कामासाठी मी १० ते १९ सप्टेंबर जर्मनीला आहे. असाइनमेंट ५ ची मुदत १४ ला आहे. शक्य असेल तर ती माझ्यासाठी शनिवारी ६ ला उघडावी, म्हणजे ९ पर्यंत जमा करून निघेन. ते शक्य नसेल, तर १७ सप्टेंबर रात्री ११:५९ पर्यंत मुदत मिळावी, म्हणजे १८ च्या चर्चेपूर्वी माझं काम आलेलं असेल. आधीच्या चारही असाइनमेंट वेळेत दिल्या आहेत. सहावी वेळेतच देईन.”

या मेलमध्ये सगळे तपशील शिक्षकाच्या उपयोगाचे आहेत. कोण, कोणती असाइनमेंट, कोणत्या तारखा, कोणते दोन पर्याय. शिक्षकाला फक्त ‘पहिला’ किंवा ‘दुसरा’ एवढंच उत्तर द्यायचं आहे. आता याची तुलना नेहमी येणाऱ्या मेलशी करा : ‘मॅडम, ऑफिसच्या कामामुळे खूप बिझी आहे, प्लीज थोडी मुदत मिळावी.’ यात असाइनमेंट कोणती ते नाही, तारीख नाही. मी विचारायचं, त्यानं दोन दिवसांनी विमानतळावरून उत्तर द्यायचं, तोवर मुदत संपलेली. नकार द्यावा लागतो तो असा, आणि मग बॅचमध्ये बातमी पसरते की दौऱ्याचं कारण चालत नाही.

मेल कधी पाठवायचा? तिकीट हातात येण्याची वाट पाहू नका. दौरा नक्की झाला, तारखा कळल्या की लगेच. या उदाहरणात तो ४ सप्टेंबरला गेला तर दोन्ही पर्याय खुले आहेत. ८ ला गेला तर पहिला पर्याय संपला. १४ च्या रात्री गेला, तर शिक्षक तो सोमवारी सकाळी वाचेल, तेव्हा मूडलमध्ये असाइनमेंटवर ‘उशिरा’ लागलेलं असेल.

गैरसमज : मुदत वाढवणं शेवटी शिक्षकाच्याच हातात असतं

वरचं सगळं अशा कोर्सबद्दल झालं, जिथे शिक्षक स्वतः तारखा ठरवतो. सगळे ऑनलाइन कोर्स तसे नसतात, आणि चुकीच्या माणसाला विनंती करण्यात अनेकांचे दिवस वाया जातात.

एनपीटीईएलचे कोर्स घ्या. आयआयटीचे प्राध्यापक शिकवतात म्हणून लोक थेट त्यांना मेल करतात. तिथे हजारो विद्यार्थ्यांसाठी एकच तारीख असते आणि ती गेल्यावर उत्तरं जाहीर होतात, त्यामुळे एकट्यासाठी मुदत वाढवण्याची सोय नाही. पण दौऱ्याचा विचार तिथल्या नियमांतच झालेला आहे. बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये बारा असाइनमेंटपैकी सर्वोत्तम आठच धरतात. आठ आठवड्यांच्या कोर्समध्ये आठपैकी सहा आणि चार आठवड्यांच्या कोर्समध्ये चारपैकी तीन. अंतिम गुणांत असाइनमेंटचा वाटा २५ आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचा ७५. प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३० लागतात. म्हणजे बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये दौऱ्यामुळे दोन असाइनमेंट गेल्या, तरी उरलेल्या दहातून आठ निवडल्या जातात. इथे मुदतवाढ मागण्यापेक्षा पुढच्या असाइनमेंट नीट करणं हाच उपाय आहे. सांभाळायची असते ती परीक्षेची तारीख. अर्ज भरतानाच ती दौऱ्यांच्या कॅलेंडरवर टाकून ठेवा.

कोर्सेराच्या बहुतेक नेहमीच्या कोर्समध्ये दाखवलेल्या तारखा म्हणजे वेळापत्रकाची सूचना असते. त्या हुकल्या तर ‘Reset my deadlines’ दाबायचं; केलेलं काम जात नाही आणि कुणाची परवानगी लागत नाही. मात्र ज्या कार्यक्रमांचं शुल्क दरमहा जातं, तिथे लांबवलेला प्रत्येक महिना खिशातून जातो. एडएक्सवर स्वतःच्या गतीनं करायच्या कोर्समध्ये ‘Shift due dates’ असा पर्याय मिळतो, पण शिक्षकाच्या वेळापत्रकानं चालणाऱ्या कोर्समध्ये तो नसतो. आणि कोर्सच संपण्याची तारीख दोन्हीकडे सरकत नाही. या दोन्ही ठिकाणांहून पदवीचा अभ्यासक्रम करत असाल, तर तिथे विद्यापीठाचे नियम चालतात आणि मुदती खऱ्या असतात.

इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठात असाइनमेंटची अंतिम तारीख विद्यापीठ ठरवतं. ती वाढते तेव्हा परिपत्रक काढून सगळ्यांसाठी वाढते. अभ्यासकेंद्रावरचे समुपदेशक एकट्या विद्यार्थ्यासाठी ती बदलू शकत नाहीत, म्हणून त्यांच्याशी वाद घालू नका.

तेव्हा मेल लिहिण्यापूर्वी कोर्सच्या माहितीपत्रकात मुदतीचा परिच्छेद वाचा. उशिराच्या कामाला दर दिवशी किती गुण कापतात, किती असाइनमेंट सोडता येतात, परवानगी कोण देतो, हे बहुतेक वेळा तिथेच लिहिलेलं असतं.

आणखी काही गैरसमज, थोडक्यात

*मुदत मागितली की आपण बेजबाबदार ठरतो.* हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या ॲशली व्हिलन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रश्न तपासला आहे. २०१९ च्या त्यांच्या संशोधनात असं दिसलं, की मुदत मागणाऱ्याला समोरचा आपल्याबद्दल जितकं वाईट मत करून घेईल असं वाटतं, तितकं वाईट मत तो करत नाही. २०२१ मध्ये ‘पीएनएएस’ या नियतकालिकात आलेल्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासानुसार, मुदत वाढवता येण्यासारखी असतानाही स्त्रिया ती मागायचं जास्त टाळतात आणि त्याचा ताण सोसतात. माझ्या विद्यार्थिनींनी हे विशेष लक्षात घ्यावं.

*विमानाचं तिकीट आणि साहेबांचा मेल जोडला की विनंती पक्की होते.* मागितल्याशिवाय जोडू नका. तिकिटावर पीएनआर असतो आणि साहेबांच्या मेलमध्ये कंपनीची अंतर्गत माहिती असू शकते. शिक्षकाला त्यातलं काहीच लागत नाही.

*रात्रीचे ११:५९ म्हणजे मी असेन तिथले ११:५९.* भारतीय वेळेनुसार ११:५९ वाजतात, तेव्हा सप्टेंबरात जर्मनीत संध्याकाळचे ८:२९ झालेले असतात आणि न्यू यॉर्कमध्ये दुपारचे २:२९. उलट कोर्सच्या पानावर यूटीसी असं लिहिलेलं असेल, तर तिथले ११:५९ म्हणजे भारतातले दुसऱ्या दिवशी पहाटेचे ५:२९. मूडलमध्ये दिसणारी वेळ तुमच्या प्रोफाइलमधल्या टाइमझोननुसार बदलते. निघण्यापूर्वी ते सेटिंग बघून घ्या.

*तारीख गेल्यावर आता मागून काय उपयोग?* उपयोग असतो. अंतिम तारीख गेली तरी दार बंद होण्याची तारीख बहुधा पुढे असते आणि उशिराचे कापलेले गुण शून्यापेक्षा बरेच असतात. जेवढं झालंय तेवढं जमा करा आणि सोबत मेल पाठवा.

*असाइनमेंटला मुदत मिळाली, म्हणजे परीक्षेलाही मिळेल.* नाही. असाइनमेंटची तारीख शिक्षकाकडे असते. परीक्षेमागे केंद्र, पर्यवेक्षक आणि निकालाचं वेळापत्रक असतं, आणि त्यातलं काहीच एका माणसाच्या हातात नसतं. दौरा आणि परीक्षा एकाच दिवशी येत असतील, तर शिक्षकाला नव्हे, साहेबांना मेल लिहा. आणि तोही तितकाच लवकर, तितकाच नेमका, तारखा आणि दोन पर्याय देऊन.